लसीकरणानंतर काय होतं, कधी दाखवायचं: आठवण-कार्डाचा मसुदा तपासून हवा आहे

अक्षरजुळणी:
आमच्या तालुक्यातल्या दोन उपकेंद्रांसाठी पालकांना द्यायचं एक छोटं कार्ड छापायचं आहे. आकार पोस्टकार्डाएवढा, म्हणजे माता-बाल संरक्षण कार्डाच्या घडीत बसेल. एका बाजूला पुढच्या तारखा, दुसऱ्या बाजूला 'लस दिल्यावर काय अपेक्षित आणि दवाखान्यात कधी जायचं'. मी मांडणी आणि छपाईवाला आहे, वैद्यकीय माणूस नाही. हातात आलेला मजकूर असा:

"लसीनंतर थोडा ताप येऊ शकतो, घाबरू नये. टोचलेल्या जागी सूज येऊ शकते. पॅरासिटामॉल द्यावे. ताप जास्त असल्यास किंवा बाळ जास्त रडत असल्यास डॉक्टरांना दाखवावे."

इथे बरीच जाणकार मंडळी आहेत. यात काय कमी आहे? शब्द कमीत कमी हवेत, जागा नाही.

---

निरगुडी:
मी बालरोगाच्या बाह्यरुग्ण विभागात बसते, म्हणून स्पष्टच सांगते. या मजकुरातले 'थोडा' आणि 'जास्त' हे दोन शब्द काढलेत तर मागे काहीच उरत नाही. आजीच्या हाताला ९९ जास्त वाटतो आणि बाबाला १०३ थोडा.

पण खरी उणीव वेगळी आहे. यात वेळ नाही. लसीनंतरच्या त्रासाचं गणित घड्याळावर आणि कॅलेंडरवर चालतं. दीड महिन्याच्या लसींपैकी ताप आणणारी मुख्य लस म्हणजे पेंटाव्हॅलंट, त्यातही डांग्या खोकल्याचा घटक. हा ताप काही तासांत चढतो आणि दोन दिवसांत उतरतो. नऊ महिन्यांच्या गोवर-रुबेलाचं उलट. टोचलेल्या दिवशी बाळ खुशाल असतं, आणि साधारण सहाव्या ते बाराव्या दिवसाच्या मध्ये ताप येतो, कधी अंगावर बारीक पुरळ येतं. ती लस जिवंत पण दुबळ्या विषाणूची असते, त्याला अंगात वाढायला तेवढे दिवस लागतात. तोवर आई-बाप लस विसरलेले असतात.

आता हे उलटून बघा. पेंटानंतर चौथ्या दिवशी नव्याने ताप सुरू झाला तर तो लसीचा नाही. ते दुसरंच काही आहे आणि बाळ दीड महिन्याचं आहे, म्हणजे त्याच दिवशी दाखवायचं. "लसीचा ताप असेल" म्हणून घरी थांबलेली अशी बाळं उशिरा येतात. तुमच्या मसुद्यात हे कुठेच पकडलं जात नाही. कार्डाची मांडणी लसीच्या नावांनी न करता वेळेने करा.

---

पायवाट:
निरगुडीताईंना अनुमोदन. आरोग्यसेविका म्हणून निवृत्त झाले आहे, तेव्हा सत्राच्या ठिकाणाहून भर घालते.

पहिली वेळ म्हणजे अर्धा तास. टोचल्यावर ३० मिनिटं तिथेच बसवायचं, कारण तीव्र ॲलर्जी आली तर बहुधा तेवढ्यातच येते: अंगावर गांधी, ओठ-चेहरा सुजणं, श्वासाला घरघर, बाळ अचानक पांढरं पडणं. सिस्टरकडे त्यासाठी ॲड्रेनॅलिनचं इंजेक्शन असतं. घराकडे निघालेल्या रिक्षात नसतं. कार्डावर 'थोडा वेळ थांबा' लिहू नका. सिस्टरने लस दिल्याची वेळ लिहायला रकाना ठेवा, शेजारी 'या वेळेपर्यंत थांबा' असा दुसरा.

दुसरं, कुठे काय टोचलं ते चित्रात दाखवा. दीड महिन्याला तीन टोचण्या असतात: पेंटा डाव्या मांडीत, न्यूमोकोकलची पीसीव्ही उजव्या मांडीत, आणि पोलिओची इंजेक्शनवाली लस उजव्या दंडावर, कातडीच्या आत, फक्त ०.१ मिलि. पोलिओचे थेंब आणि रोटा तोंडाने. आईला हे माहीत असलं की डावी मांडी सुजली तर कशामुळे, ते दवाखान्यात नीट सांगता येतं.

तिसरं, मालीश. आपल्याकडे बाळाची मालीश बंद ठेवायची म्हटलं की घरात गोंधळ. म्हणून कार्डावर 'मालीश बंद' असं न लिहिता 'टोचलेल्या मांड्या आणि दंड दोन दिवस चोळू नका' असं लिहा. बाकी अंगाला करा की.

---

सोनचाफा:
एवढं सगळं कशाला? आमच्याकडे सोपी रीत आहे: लस द्यायला निघतानाच पॅरासिटामॉलचा डोस पाजायचा, ताप येतच नाही. घरी आल्यावर मांडीला गरम शेक, गाठ विरघळते. हे दोन मुद्दे लिहा, कार्ड झालं.

---

टेम्सकाठ:
इथे इंग्लंडमध्येही तसंच सांगतात. आठ आठवड्यांच्या लसींबरोबर पॅरासिटामॉल लगेच द्यायला लावतात, २.५ मिलि, असे तीन डोस. कागदावर छापूनच मिळतं. पुण्यातल्या बहिणीलाही मी तेच पाठवलं आहे.

---

निरगुडी:
सोनचाफा, ताप 'येऊच नये' म्हणून आधी देणं आपल्या वेळापत्रकात सांगत नाहीत. २००९ साली 'लॅन्सेट'मध्ये झेक प्रजासत्ताकातल्या बाळांवरचा अभ्यास आला होता. आधीपासून पॅरासिटामॉल दिलेल्या बाळांना ताप कमी आला, पण काही लसींची प्रतिपिंडंही कमी तयार झाली. त्याने लस फुकट गेली असं नाही, पण नेमाने द्यायचं कारणही उरत नाही. ताप आला किंवा बाळ ठणक्याने कळवळतंय असं दिसलं, की मग द्यायचं.

टेम्सकाठ, तुमच्याकडचं बरोबर आहे, पण कारण वेगळं. तिथे २०१५ पासून मेनिंजायटिस-बी ची लस इतर लसींसोबत देतात आणि त्या जोडीने ताप बराच चढतो, म्हणून तो खास नियम. ती लस आपल्या सरकारी वेळापत्रकात नाही.

गरम शेक नको. पहिल्या दोन दिवसांत मांडी आधीच लाल-गरम असते, शेकाने सूज वाढते, शिवाय बाळाची कातडी भाजते. स्वच्छ फडकं साध्या पाण्यात भिजवून, पिळून ठेवा. हळद, चुना, बटाट्याची चकती काही नको.

---

खलबत्ता:
टेम्सकाठ, बहिणीला आत्ता फोन करा. गंमत नाही करत. औषधाचं दुकान चालवतो म्हणून हे अंगावर काटा आणणारं वाटतं.

तिकडच्या बाळांच्या सिरपमध्ये ५ मिलित १२० मिलिग्रॅम पॅरासिटामॉल असतं, म्हणजे २.५ मिलित ६० मिलिग्रॅम. इथे दुकानात लहान बाळासाठी 'ड्रॉप्स' मिळतात, त्यात बहुतेक १ मिलित १०० मिलिग्रॅम असतं. त्याच ड्रॉप्सचे २.५ मिलि दिले तर २५० मिलिग्रॅम पोटात जातात.

साडेचार किलोचं बाळ धरून हिशोब करू. एका वेळचा डोस किलोमागे १० ते १५ मिलिग्रॅम, म्हणजे ४५ ते ६७. मधला ६० धरा.

- ड्रॉप्स (१ मिलित १००): ०.६ मिलि
- साधं सिरप (५ मिलित १२५): २.४ मिलि
- दाट सिरप (५ मिलित २५०): १.२ मिलि

तीन बाटल्या, एकच नाव, तीन मापं. ड्रॉप्सचे २.४ मिलि म्हणजे चौपट डोस. दिवसातून चारदा तसंच चाललं तर यकृतावर येतं, आणि पहिल्या दिवशी बाळाकडे बघून काही कळतही नाही. उलटी चूकही होते: सिरपचे ०.६ मिलि म्हणजे जेमतेम १५ मिलिग्रॅम. ताप उतरत नाही, घरचे म्हणतात औषध लागू पडत नाही, आणि दुसरी बाटली आणतात.

काही ठिकाणी अजून ५०० च्या गोळीचा चतकोर चुरून द्यायला सांगतात. चतकोर म्हणजे १२५ मिलिग्रॅम. दीड वर्षाच्या दहा किलोच्या मुलाला चालेल, दीड महिन्याच्या बाळाला दुप्पट होतो.

म्हणून कार्डावर 'पॅरासिटामॉल द्यावे' हे वाक्य मोकळं सोडू नका. तीन रकाने: आजचं वजन, बाटलीवरची ताकद, मिलि. सिस्टरने किंवा डॉक्टरांनी हाताने भरायचे. खाली: दोन डोसांत किमान ६ तास, २४ तासांत चारापेक्षा जास्त नाही. चमच्याने मोजू नका, बाटलीसोबतची पिचकारी किंवा ड्रॉपर वापरा. एका बाटलीचा ड्रॉपर दुसऱ्या बाटलीत घालू नका.

---

टेम्सकाठ:
फोन केला. तिच्याकडे ड्रॉप्सच आहेत. अजून दिले नव्हते. बाटलीच्या लेबलचा फोटो मागवून घेतला आहे, तिच्या डॉक्टरांना विचारून मगच देईल. धन्यवाद.

---

जिप्सी_मन:
माझा प्रश्न: मुलीचा दुसरा डोस गावी गेल्याने सहा आठवडे लांबला. आता परत पहिल्यापासून सुरू करायचं का? कार्डावर हेही लिहा.

---

पायवाट:
तो धागा वेगळा, पण उत्तर छोटं आहे. पहिल्यापासून नाही. राहिलेला डोस पहिल्या सत्रात द्यायचा आणि त्यापुढचा किमान चार आठवड्यांनी.

मात्र यातून तारखांची बाजू आठवली. छापील कार्डं जन्मतारखेवरून तिन्ही तारखा आधीच लिहून टाकतात आणि तिथेच घोळ होतो. समजा बाळ ३ मार्चला जन्मलं. सहा आठवडे पुरे होतात १४ एप्रिलला. त्या दिवशी आंबेडकर जयंतीची सुट्टी, आणि तुमच्या गावाचं सत्र २२ एप्रिलला. पहिला डोस २२ ला झाला, तर दुसरा २० मेच्या आधी नको, तिसरा १७ जूनच्या आधी नको. आधीच लिहिलेल्या कार्डावर मात्र १२ मे आणि ९ जून राहतात. आई १२ ला उन्हातून येते, आम्ही परत पाठवतो, आणि तिचा विश्वास जातो. म्हणून फक्त *पुढची एकच* तारीख, पेन्सिलने, दिलेल्या दिवसापासून मोजून. 'दीड महिना' असा शब्दही टाळा, घरी ४५ दिवस धरतात. सहा आठवडे म्हणजे ४२. उशीर चालतो, आधी चालत नाही.

---

घाटमाथा:
मी प्राथमिक आरोग्य केंद्रावर वैद्यकीय अधिकारी आहे. गोवर-रुबेलाबाबत एक गोष्ट कार्डावर यायलाच हवी. ती लस भुकटीच्या रूपात येते, द्रावण घालून विरघळवली की चार तासांच्या आत वापरायची, उरलेली फेकायची. बीसीजीचंही तसंच. कुपीवर विरघळवल्याची वेळ लिहितात. पालकांनी ती वेळ विचारली तर सिस्टरने रागावू नये, ते बरोबरच विचारतायत.

कारण असं. त्या द्रावणात जंतू शिरले आणि कुपी चार तासांपलीकडे चालली, तर जंतूंचं विष बाळाच्या अंगात जातं. मग काही तासांतच जोराचा ताप, उलट्या, पाण्यासारखे जुलाब. म्हणजे निरगुडींनी म्हटलेलं इथे पुन्हा येतं: गोवर-रुबेलानंतर आठव्या दिवशी ताप आणि पुरळ, बाळ खेळतंय, तर घरी बघा. त्याच लसीनंतर *त्याच दिवशी* ताप, उलट्या, जुलाब, तर एक मिनिट थांबू नका आणि आम्हाला कळवा, कारण त्या कुपीतून आणखी मुलांना लस दिलेली असते.

---

अक्षरजुळणी:
आता कार्डाचा चेहरा बदलला. वेळेने मांडणी केली, बघा:

*पहिला अर्धा तास:* इथेच थांबा. गांधी, चेहऱ्याला सूज, श्वासाला त्रास, बाळ पांढरं पडलं तर लगेच सिस्टरला हाक मारा.

*पहिले दोन दिवस:* ताप, मांडी लाल व दुखरी, किरकिर, झोप जास्त. अंगावर पाजत रहा. टोपरं-स्वेटर काढा, एक सुती झबलं पुरे. औषध रकान्यात लिहिलं तेवढंच.

*लगेच दवाखाना:* सलग तीन तासांपेक्षा जास्त रडणं. अंग लुळं पडणं, हाक मारून न बघणं. झटके. दूध ओढत नाही. हिरवी उलटी किंवा शीमधून रक्त. दोन दिवसांनंतरही ताप, किंवा त्यानंतर नवा ताप.

*गोवर-रुबेला:* ६ ते १२ दिवसांनी ताप, पुरळ. त्याच दिवशी उलट्या-जुलाब-ताप असेल तर लगेच दवाखाना.

बीसीजीची जागा राहिली का? आणि हिरवी उलटी कशासाठी ते मला कळलं नाही, निरगुडीताईंनी फोनवर सांगितलं म्हणून घातलं.

---

निरगुडी:
हिरवी उलटी आणि रक्त हे रोटासाठी. फार क्वचित आतडं आतड्यात सरकतं, बहुतेक पहिल्या किंवा दुसऱ्या डोसानंतरच्या आठवड्यात. बाळ मधूनमधून कळ येऊन गुडघे पोटाशी घेतं, मध्ये गप्प पडतं, मग परत कळ. लस न घेतलेल्या बाळांतही हे होतं, पण वेळीच आलं तर बहुधा बिनशस्त्रक्रियेचं सुटतं. म्हणून ही ओळ दोन दिवसांच्या चौकटीत नको, 'पहिला आठवडा' अशी वेगळी करा.

बीसीजी हवंच. डाव्या दंडावर दोन ते सहा आठवड्यांनी फोड येतो, फुटतो, थोडा पू येतो, खपली धरते, बारा आठवड्यांपर्यंत भरून येतो आणि वण कायमचा राहतो. गंमत म्हणजे हा फोड नेमका दीड महिन्याच्या लसींच्या सुमारास दिसतो आणि घरचे नव्या लसीला दोष देतात. त्यावर मलम, पावडर, पट्टी काही नको. काखेत सुपारीएवढी गाठ आली किंवा ती मऊ पडून पू धरला तर दाखवा.

मांडीबद्दल: वाटाण्याएवढी कडक, न दुखणारी गाठ काही आठवडे राहिली तरी काही करू नका. तीन दिवसांनंतरही लाली वाढतेय, किंवा सूज गुडघ्याच्या पलीकडे गेली, तर दाखवा.

---

सोनचाफा:
शेक मागे घेतला. पण झटके आले तर कांदा हुंगवायचा ना?

---

घाटमाथा:
कांदा नाही, चप्पल नाही, दातांत चमचा नाही, तोंडात पाणी नाही. कुशीवर वळवा, घड्याळ बघा, १०८ लावा. मोबाइलवर चित्रफीत काढता आली तर काढा, ते आम्हाला फार उपयोगी पडतं.

आता माझा मतभेद. तुमचं कार्ड सांगतं की पहिल्या दोन दिवसांत ताप आला तर घरी बघा. सहा आठवड्यांच्या बाळाला १००.४ फॅरनहाइट ताप एरवी आला असता तर आपण तासाभरात बोलावलं असतं, कारण या वयात रक्तातला जंतुसंसर्ग फक्त तापानेच दिसू शकतो. लस टोचली म्हणून तो संसर्ग त्या दिवशी सुट्टीवर जात नाही. माझ्या केंद्रापासून वाड्या दोन-दोन तास लांब आहेत. मी तर म्हणेन, तीन महिन्यांच्या आतल्या बाळाला ताप दिसला की आशाताईला फोन, निदान त्या दिवशी एकदा कुणीतरी बघून जावं.

---

निरगुडी:
तुमची भीती खोटी नाही, पण पेंटानंतर ताप येणारी इतकी बाळं असतात की सगळी बोलावली तर पुढच्या डोसाला निम्म्या आया येणार नाहीत. माझी ओळ अशी: टोचल्यापासून ४८ तासांच्या आत, १०२ च्या खाली, आणि *दूध नेहमीसारखं ओढतंय*, तर घरी. तिन्हींपैकी एक चुकलं की दवाखाना. दूध ओढणं हे आकड्यापेक्षा महत्त्वाचं.

---

घाटमाथा:
पहिल्या चार तासांत 'दूध नेहमीसारखं' कसं ठरवणार? दुखऱ्या मांडीनेही बाळ नीट पीत नाही. तुमची ओळ शहरात चालेल. माझ्या वाड्यांसाठी मी आशाताईच्या भेटीचा रकाना ठेवणार, 'लसीच्या दुसऱ्या दिवशी सकाळी' असा.

---

पायवाट:
दोन उपकेंद्रं आहेत ना, मग दोन छपाया करा. शहराजवळच्या कार्डावर निरगुडीताईंची ओळ, घाटावरच्या कार्डावर रकाना. आणि अक्षरजुळणी, तापमापक काखेत धरायचा हे लिहायचं राहिलं. हात लावून ९९ की १०२ हे कुणालाच कळत नाही.

---

खलबत्ता:
कार्डावर औषधाच्या रकान्याशेजारी तुम्ही मापाच्या चित्रात ड्रॉपर काढला आहे आणि त्यावर ठिपका १ मिलिच्या खुणेवर आहे. तो काढून टाका. रिकामा ड्रॉपर छापा, खूण सिस्टरने पेनने करायची. नाहीतर लोक रकाना न वाचता चित्र बघून भरतील.

---

अक्षरजुळणी:
ठिपका काढला. तो फक्त चित्र सुंदर दिसावं म्हणून मी घातला होता. घाटावरच्या कार्डासाठी रकान्याची जागा करायला मागच्या बाजूचं बोधचिन्ह काढावं लागेल, उद्या विचारतो.